मालसाठ्याचे मूल्यांकन (ईआरपीमधील): फिफो, सरासरी व प्रमाण किंमत

गोदामात शिल्लक असलेल्या मालाला हिशेबात कोणता भाव लावायचा, हे ठरवण्याच्या पद्धती. ईआरपी प्रणालीत यांतली एखादी पद्धत मालाच्या नोंदीवर किंवा मालाच्या गटावर एकदा निवडली, की पुढची प्रत्येक आवक-जावक त्याच नियमाने मोजली जाते. सॅपमध्ये ही निवड `Price Control` या रकान्यातल्या एका अक्षराने होते: `S` म्हणजे प्रमाण किंमत, `V` म्हणजे चल सरासरी. ईआरपीनेक्स्टमध्ये मालाच्या पानावर `Valuation Method` असते. रकाना लहान असला, तरी वर्षाचा नफा त्यावर हलतो.

नफा का हलतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला एक व्यापारी रायपूरहून लोखंडी अँगल आणतो. डिसेंबरात त्याने १० टन माल ६०,००० रुपये टनाने घेतला, जानेवारीत आणखी १० टन ६६,००० ने. फेब्रुवारीत १२ टन ७५,००० ने विकला. ३१ मार्चला यार्डात ८ टन उरला. (जीएसटीची वजावट मिळत असल्याने तो या भावांत धरलेला नाही.) खरेदीवर एकूण १२ लाख ६० हजार गेले आणि विक्रीचे ९ लाख आले. हे दोन आकडे कुठल्याही पद्धतीत बदलत नाहीत. बदलते ती एवढीच गोष्ट, की त्या १२ लाख ६० हजारांपैकी किती रक्कम विकलेल्या मालावर टाकायची आणि किती यार्डातल्या मालावर ठेवायची.

फिफो, म्हणजे आधी आलेला आधी गेला. विकलेल्या १२ टनांत डिसेंबरचे १० आणि जानेवारीचे २ धरले जातात. विक्रीचा खर्च ७,३२,००० होतो, शिल्लक माल ५,२८,००० चा आणि ढोबळ नफा १,६८,०००. इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. फिफो हा भाव लावायचा क्रम आहे, माल उचलायचा नव्हे. कळमन्यात संत्र्याचा व्यापारी जुनी आवक आधी काढतो, कारण फळ थांबत नाही. अँगलच्या थप्पीत मात्र शेवटी आलेला माल वर असतो आणि क्रेन तोच आधी उचलते. तरीही हिशेब फिफोने ठेवता येतो.

चल सरासरीत प्रत्येक आवकेनंतर नवा दर निघतो. जानेवारीची गाडी उतरल्यावर दर ६३,००० झाला. त्यामुळे विक्रीचा खर्च ७,५६,०००, शिल्लक ५,०४,००० आणि नफा १,४४,०००. भाव चढता असल्याने फिफोपेक्षा २४,००० कमी दिसले. उतरत्या भावात हेच उलटे होते.

प्रमाण किंमत वर्षाच्या सुरुवातीला ठरवून ठेवतात. ती ६२,००० होती असे धरू. विक्रीचा खर्च ७,४४,००० होतो आणि शिल्लक ४,९६,०००. प्रत्यक्ष खरेदी आणि प्रमाण यांतला फरक वेगळ्या खात्यात साचतो. डिसेंबरच्या मालावर २०,००० वाचले आणि जानेवारीच्या मालावर ४०,००० जास्त गेले, म्हणून फरकखात्यात २०,००० चा तोटा आहे. तो सगळा याच वर्षाच्या नफ्यातोट्यात टाकला तर नफा १,३६,००० उरतो. पण २० टनांपैकी ८ टन अजून विकलेच गेलेले नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याचे ८,००० साठ्यावर ठेवायला हवेत. तसे केले की शिल्लक ५,०४,००० आणि नफा १,४४,००० होतो, म्हणजे हुबेहूब सरासरीचा आकडा. भारताच्या लेखामानक २ मध्ये फिफो आणि भारित सरासरी मान्य आहेत. प्रमाण किंमत मात्र सोय म्हणूनच चालते, तीही तिचा निकाल प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास असेल तरच. फरकखाते वाटून न देता मोकळे करणाऱ्या कंपनीने ही अट विसरू नये.

उरलेले ८ टन पुढच्या वर्षी त्याच ७५,००० ने विकले, तर फिफोत ७२,००० नफा दिसेल, सरासरीत ९६,०००, आणि फरक न वाटता चालवलेल्या प्रमाण पद्धतीत १,०४,०००. दोन्ही वर्षे मिळून तिन्हीकडे २,४०,००० च होतात. पद्धत नफा निर्माण करत नाही, तो कोणत्या वर्षात दिसेल ते ठरवते. मात्र प्राप्तिकर आणि बँकेचे स्टॉक स्टेटमेंट त्या त्या वेळच्या आकड्यावरच चालतात. म्हणून पद्धत मध्येच बदलली, तर तो बदल आणि त्याचा परिणाम ताळेबंदासोबत जाहीर करावा लागतो.

प्रमाण पद्धतीतला सर्वांत फसवा क्षण म्हणजे १ एप्रिलला नवी किंमत लावण्याचा. व्यापाऱ्याने प्रमाण ६२,००० वरून ६८,००० केले, तर प्रणाली उरलेल्या ८ टनांचे मूल्य त्या क्षणी ४८,००० ने वाढवते आणि तेवढीच रक्कम नफ्याच्या बाजूला टाकते. एक किलोही विकला गेलेला नसतो. साठा आता ५,४४,००० चा दिसतो, आणि ६८,००० हा भाव तर त्याने कधी मोजलेलाच नाही. ही रक्कम बाजूला काढली नाही, तर पहिल्या तिमाहीचा नफा फुगतो.

सरासरीचा घात बहुधा उशिरा आलेल्या बिलातून होतो. जानेवारीच्या १० टनांचे ट्रकभाड्याचे २०,००० चे बिल विक्रीनंतर आले असे समजा. सॅप चल सरासरीत त्या १० टनांसमोर साठ्यात किती माल आहे ते पाहते. ८ टन आहेत, म्हणून १६,००० साठ्यावर आणि ४,००० फरकखात्यात जातात. दर ६५,००० होतो. बिल वेळेवर आले असते, तर २० टनांवर पसरून दर ६४,००० झाला असता. म्हणजे साठा, आणि त्यासोबत नफा, ८,००० ने जास्त दिसतो. गंमत अशी, की फिफोत हीच १६,००० ची वाटणी बरोबर ठरते, कारण तिथे उरलेले ८ टन जानेवारीच्याच गाडीतले मानले जातात.

मागच्या तारखेच्या नोंदी आणि उणे साठा यांचा त्रास याच जातीचा. आवक नोंदवण्याआधी विक्री नोंदवली, की सरासरी काढायला हातात माल नसतो आणि दर भलतीकडे जातो. ईआरपीनेक्स्ट अशा वेळी नंतरच्या नोंदींचे मूल्य पुन्हा मोजते (`Repost Item Valuation`), त्यामुळे छापून ठेवलेला मागचा अहवाल आजच्या पडद्याशी जुळेनासा होतो. सॅपची चल सरासरी नोंद ज्या क्रमाने पडली त्याच क्रमाने चालते आणि मागे वळून झालेला खर्च बदलत नाही.

दोष पकडायला मोठे साधन लागत नाही. साठा अहवालातला प्रत्येक मालाचा दर काढून तो वर्षातल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त खरेदीभावाच्या मध्ये बसतो का ते पाहावे, मात्र भाडे-हमाली धरून. वर्षाच्या आरंभीचा साठा अजून शिल्लक असेल, तर त्याचा दरही या मर्यादेत घ्यावा. फिफो व सरासरीचा दर या पट्ट्याबाहेर गेला, तर नोंदींत चूक आहेच. प्रमाण किंमतीचा गेला, तर ती कुणी आणि कधी बदलली ते विचारावे. पट्ट्याच्या आत राहिलेली चूक मात्र, वरच्या ६५,००० सारखी, यात सुटते. तिच्यासाठी फरकखात्यातल्या नोंदी बिलागणिक उघडून पाहाव्या लागतात.