बाटलीवर १० टक्के, आत कामाचं किती?

रत्नागिरी-चिपळूणच्या मेडिकल दुकानांत हल्ली त्वचेवरच्या मृत पेशी सैल करणारं ग्लायकोलिक ॲसिडचं सीरम सहज मिळतं. घेणारा आधी टक्का बघतो. पाच टक्केवालं सौम्य, दहा टक्केवालं जालीम, असा सरळ हिशेब. पण हाच हिशेब कधी कधी साफ उलटा पडतो. कारण टक्का सांगतो बाटलीत ॲसिड एकूण किती घातलं ते. त्यातलं किती ॲसिड म्हणून शिल्लक आहे ते सांगतो पीएच.

ग्लायकोलिक ॲसिडच्या रेणूकडे सोडून देण्याजोगा एक हायड्रोजन आयन असतो. तो जवळ असेपर्यंत रेणूवर विद्युतभार नसतो. तो सोडला की रेणू ऋणभारित होतो, म्हणजे ॲसिड न राहता ग्लायकोलेट बनतो. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीसारखा रचलेला आहे. चिरे म्हणजे मृत पेशी, आणि मधल्या फटी भरल्यात त्या स्निग्ध पदार्थांनी. भार नसलेला रेणू त्या स्निग्ध फटींतून वाट काढतो, भारित रेणू मात्र बहुतेक बाहेरच अडतो. त्यामुळे पेशींची पकड सैल करायचं काम मुख्यतः हायड्रोजन न सोडलेल्या, म्हणजे ‘मुक्त’ ॲसिडचं.

बाटलीत हे दोन्ही प्रकारचे रेणू एकत्र नांदतात आणि त्यांचं प्रमाण पीएच ठरवतो. ग्लायकोलिक ॲसिडसाठी कळीचा आकडा आहे ३.८३. पीएच नेमका इतका असला की निम्मे रेणू मुक्त ॲसिड आणि निम्मे ग्लायकोलेट. पीएच एकाने वाढला की ग्लायकोलेटच्या तुलनेत मुक्त ॲसिड दहापट घटतं. शाळेत शिकलो ते आठवा: पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. म्हणून पीएचमधला अर्ध्या आकड्याचा फरकही किरकोळ नसतो.

आता दोन बाटल्या घेऊ. पहिलीत १० टक्के ॲसिड, पीएच ५. या पीएचला साधारण ६ टक्केच रेणू मुक्त उरतात, म्हणजे १०० ग्रॅम सीरममध्ये जेमतेम ०.६ ग्रॅम. दुसरीत ५ टक्के ॲसिड, पण पीएच ३.५. इथे ६८ टक्के रेणू मुक्त, म्हणजे ३.४ ग्रॅम. टक्का निम्मा, पण कामाचं ॲसिड पाचपटीहून जास्त! लेबलवरचा आकडा मात्र मूळ घातलेल्या ॲसिडचा असतो. पीएच वर आणायला नंतर सोडियम हायड्रॉक्साईड किती घातलं, ते त्यात दिसत नाही. घटकांच्या यादीत त्याचं नाव असतं, प्रमाण नसतं.

पण नुसता पीएच बघूनही भागत नाही. १ टक्का ॲसिड पीएच ३.५ ला असेल, तर मुक्त ॲसिड ०.७ ग्रॅमच्या आसपास. १० टक्के पीएच ४ ला असेल, तर ४ ग्रॅम. दोन्ही आकडे हवेत.

यावरून ‘पीएच बॅलन्स्ड, त्वचेच्या पीएचइतकं ५.५’ अशी जाहिरात करणाऱ्या दहा टक्के ग्लायकोलिकचं काय ते समजा. त्यात मुक्त ॲसिड जेमतेम ०.२ ग्रॅम. अगदीच वाया जात नाही, ग्लायकोलेट ओलावा धरून ठेवतं. पण मग त्याला मॉइश्चरायझर म्हणा आणि तेवढेच पैसे घ्या. दुसरं टोक म्हणजे लिंबाच्या रसात खायचा सोडा घालून चेहऱ्याला लावणं. फेस येतो म्हणून माणसं खूश होतात. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा, त्वचा उजळल्याची खूण नव्हे. सोडा लिंबातल्या ॲसिडचं क्षारात रूपांतर करतो. सोडा कमी पडला तर आम्ल उरतं, जास्त झाला तर आम्लारी मिश्रण चेहऱ्यावर बसतं. नुसता लिंबाचा रस तर पीएच २ ते २.५ च्या आसपासचा. ‘नैसर्गिक’ असला तरी झोंबायचा तो झोंबतोच.

अमेरिकेतल्या प्रसाधन-घटक तज्ज्ञ मंडळाने घरगुती वापरासाठी मर्यादा घालतानाही टक्का एकटा ठेवला नाही: ग्लायकोलिक १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ पेक्षा कमी नको. सोबत उन्हापासून जपण्याची अट. ती आपल्या किनाऱ्यावर जास्त लागू आहे. हे ॲसिड नियमित लावलं की त्वचा उन्हाला हळवी होते आणि वापर थांबवल्यावरही पूर्ववत व्हायला साधारण आठवडा लागतो. हर्णैच्या मासळी लिलावाला उन्हात उभं राहणाऱ्या बाईने रात्री लावलं तरी दिवसा सनस्क्रीन आणि पदर दोन्ही हवेत.

घरी पडताळायचं तर लिटमस कागद कामाचा नाही. तो दोन्ही बाटल्यांत लालच होईल. २.५ ते ४.५ अशा अरुंद टप्प्याच्या पीएच पट्ट्या घ्या. पाणीदार सीरमचा थेंब टाकून रंग लगेच जुळवा. दाट क्रीममध्ये तेलामुळे पट्टी नीट भिजत नाही आणि रंगीत सीरममध्ये रंगच फसवतो. अशा वेळी कंपनीला ईमेल करून पीएच विचारावा. सांगत नसतील, तर १० टक्क्यांचे जास्तीचे पैसे मोजू नयेत.