थंडीत बारीक केसांच्या कुत्र्यांची काळजी : आधी अंथरूण, मग फिरायची वेळ, मग स्वेटर

दिवाळी संपली की आमच्या दुकानात रोज कोणीतरी येतं आणि म्हणतं, स्वेटर दाखवा. आम्ही कुत्र्यांचे स्वेटर आणि गाद्या शिवतो, विकतो, त्यामुळे स्वेटर दाखवतोच, पण त्याआधी दोन प्रश्न विचारतो, कुत्रा झोपतो कुठे आणि सकाळी फिरायला किती वाजता नेता. कारण नाशिकच्या थंडीत बारीक केसांच्या कुत्र्याला जो त्रास होतो त्यातला बराचसा फरशीमुळे आणि चुकीच्या वेळेमुळे होतो, आणि तो स्वेटर घालून जात नाही. हे पत्रक त्यासाठीच काढलंय, स्वेटर घेतला नाही तरी चालेल पण वाचा नक्की.

बारीक केसांचा म्हणजे कोणता कुत्रा ते आधी सांगतो. नुसते केस आखूड असून चालत नाही. लॅब्राडोरचे केस आखूडच असतात पण बोटांनी केस बाजूला करून बघा, आत दाट मऊ लव असते, ती ऊब धरून ठेवते, त्यामुळे धडधाकट लॅबला आपल्याकडच्या थंडीत शक्यतो काही घालावं लागत नाही. डॉबरमन, बॉक्सर, ग्रेट डेन, आपला कारवानी यांच्यात ती लव जवळजवळ नसतेच, केस बाजूला केले की थेट कातडी दिसते. त्यात कारवानी अंगानं सडपातळ, चरबीचा थर नाही, म्हणून तो सगळ्यात आधी कुडकुडतो. डॅशहंडचं पोट जमिनीला टेकायला आलेलं असतं म्हणून त्याला दवाचा त्रास जास्त. गावठी कुत्र्यांचं कुत्र्यागणिक वेगळं असतं, काहींना थंडीत छान लव येते, काहींना अजिबात नाही, त्यामुळे हात घालून बघायचं. पिल्लं, आठ नऊ वर्षांच्या पुढची कुत्री आणि आजारातून उठलेली कुत्री यांना केस कसेही असले तरी बारीक केसांचीच समजा.

अंथरूण

पहाटे पाच वाजता अनवाणी तुमच्या हॉलच्या फरशीवर दहा मिनिटं बसून बघा. फरशी अंगातली ऊब सतत ओढून घेते, आणि कुत्रा तिथं आठ आठ तास पडून असतो. वरून कितीही जाड चादर घातली तरी खालून गारवा येतच राहतो, म्हणून अंथरुणात खालचा थर महत्त्वाचा, वरचा नंतर.

आम्ही सांगतो ती रचना साधी आहे. अंथरूण जमिनीपासून चार सहा इंच वर पाहिजे, जुनी पट्ट्यांची खाट कापून पाय छोटे केले तरी चालतं, नाहीतर प्लायवूडच्या तुकड्याखाली लाकडी पट्ट्या ठोका. त्यावर गोणपाट दुहेरी घडी करून, त्यावर दोन अडीच इंचाचा फोम धुता येईल अशा खोळीत, आणि सगळ्यात वर जुन्या साड्यांची गोधडी. गोधडीसारखं काही नाही खरंच, कुत्रा ती पायानं ओढून स्वतःभोवती घोळ करून घेतो आणि मधे शिरतो. फोम थेट फरशीवर टाकू नका, रात्री अंगाची ऊब आणि खालचा गारवा यामुळे फोमच्या खाली ओल धरते. सकाळी गादीखाली हात घालून बघा, दमट लागलं तर कुत्रा रात्रभर त्या ओलीवर झोपलाय असं समजा.

गादी फार मोठी घेऊ नका. थंडीत कुत्रा मुटकुळं करून झोपतो, त्याला अंगाबरोबर बसणारी, तीन बाजूंनी पाच सहा इंच काठ असलेली जागा आवडते, कारण तेवढी जागा त्याच्याच अंगानं गरम होते. जागा दाराच्या फटीसमोर किंवा खिडकीखाली नको. कोपरांवरचे केस जाऊन काळी जाड कातडी झाली असेल तर समजा अंथरूण कडक आहे, सडपातळ कुत्र्यांना हे पटकन होतं, आणि कधी कधी तिथं पाणी भरून गोळा येतो, तो स्वतः फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता एक गोष्ट जी आम्हाला दरवर्षी सांगावी लागते. ट्रंकेतून किंवा माळ्यावरून काढलेली गोधडी, जुनी शाल, लोकरी ब्लँकेट कुत्र्याला देताना त्यात डांबरगोळ्या नाहीत ना ते झटकून बघा. डांबरगोळी कुत्र्यासाठी विषारी आहे, एखादी गोळी चघळली तरी थेट डॉक्टरकडे जायचं, उलटी होईल का याची वाट बघत बसायचं नाही. नुसता वास असेल तरी ते कापड आधी धुवून दोन दिवस कडक उन्हात टाका, मगच द्या.

गरम पाण्याची पिशवी द्यायची तर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि कुत्रा बाजूला सरकू शकेल अशी गादीच्या एका कडेला. चावणारा कुत्रा असेल तर देऊच नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं माणसांना जितकं धोक्याचं तितकंच कुत्र्याला, तिचा विषारी वायू नाकाला कळत नाही.

सकाळचं फिरणं

बहुतेकांना वाटतं रात्री दोन तीनला सगळ्यात जास्त थंडी असते आणि पहाट झाली की कमी व्हायला लागते. तसं नाही. जमीन रात्रभर ऊब सोडत राहते आणि पारा सूर्य उगवेपर्यंत, कधी उगवल्यावरही थोडा वेळ, खालीच जात राहतो. डिसेंबर जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात ते सव्वासातला उगवतो, म्हणजे साडेसहा पावणेसातला जे फिरायला निघतात ते दिवसातल्या सगळ्यात गार वेळी निघतात. निफाड पट्ट्यात एखाद्या वर्षी पारा ५ अंशांच्या खाली जातो, तिकडच्यांनी तर हे अजूनच लक्षात ठेवा.

शिवाय त्या वेळी गवतावर दव असतं. कोरडी थंडी कुत्रा बरीच सोसतो, पण पोट आणि पाय ओले झाले की अंग झपाट्यानं गार पडतं. म्हणून मोठं फिरणं आठ साडेआठला, ऊन रस्त्यावर आलं की. नोकरीमुळे पहाटेच निघावं लागत असेल तर पहाटे फक्त शी-शूपुरतं पाच सात मिनिटं, गवतातून न नेता रस्त्यानं, घरी आल्यावर पोट, काखा आणि पायांच्या बोटांमधलं पाणी कोरड्या कापडानं टिपायचं, आणि लांब चक्कर संध्याकाळी पाच साडेपाचला, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो त्याआधी परत यायचं.

द्राक्षबागांच्या कडेनं फिरवणाऱ्यांनी घरी आल्यावर पाय कोमट पाण्यानं धुवून कोरडे करा, या दिवसांत फवारण्या चालू असतात आणि कुत्रा नंतर पाय चाटतो. पडलेले द्राक्षमणी तर खाऊच देऊ नका, द्राक्षं आणि बेदाणे दोन्हींनी कुत्र्यांच्या किडनीला इजा होऊ शकते.

एक उदाहरण सांगतो म्हणजे नीट कळेल. पंचवटीतले एक काका गेल्या थंडीत सात वर्षांची कारवानी घेऊन आले, २२ किलोची. तक्रार अशी की ती सकाळी शंभर पावलं चालून थांबते, एक पाय वर धरते, शेपूट पोटाखाली, आणि घराकडे ओढते. त्यांना वाटलं काटा घुसलाय, डॉक्टरांनी पंजे आणि सांधे तपासले, काही निघालं नाही. काकांची शिफ्ट सातची म्हणून फिरणं साडेपाचला, झोपणं व्हरांड्यात फरशीवर एका पातळ सतरंजीवर. त्यांनी आधी घरातल्या लहान मुलाचा स्वेटर घातला होता, त्यानं दोन्ही काखा लाल झालेल्या. आम्ही सांगितलं स्वेटर आठवडाभर थांबवा, काखा बऱ्या होऊ द्या. खाट आणि गोधडी केली, जागा व्हरांड्यातून आत जिन्याखाली आणली, पहाटेचं फिरणं पाच मिनिटांवर आणलं आणि आठला काकू तिला वीस पंचवीस मिनिटं उन्हात न्यायला लागल्या. आठवड्यात पाय वर धरणं बंद झालं. स्वेटर नंतर शिवला, तो आता फक्त त्या पहाटेच्या पाच मिनिटांसाठी.

स्वेटर

लहान मुलांचे स्वेटर बसत नाहीत कारण मुलाची छाती चपटी आणि हात बाजूला, कुत्र्याची छाती खोल आणि पाय खाली, त्यामुळे सगळा ताण काखेत येतो. माप तीन घ्यायची, कुत्रा उभा असताना. मानेचा घेर जिथं पट्टा बसतो तिथं, छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, आणि पाठ, म्हणजे मानेच्या तळापासून शेपटीच्या मुळापर्यंत. काकांच्या कारवानीची छाती ६६ सेंटीमीटर भरली, आम्ही ७० चा शिवला, दोन बोटं सहज आत जातील इतका. पाठीची लांबी शेपटीच्या दोन बोटं अलीकडे संपवायची. नर असेल तर पोटाखालचा भाग मागे फार नेऊ नका, शू करताना तो भिजतो आणि ओला स्वेटर नसलेल्या स्वेटरपेक्षा वाईट.

टोचणारी लोकर थेट अंगाला नको, आतून होजिअरी किंवा फ्लीसचं अस्तर पाहिजे. बटणं, गोंडे नकोत, चावून गिळतात. आमच्या अनुभवात सडपातळ कुत्र्याला १२ अंशांच्या आसपास स्वेटर लागायला लागतो, पण आकड्यापेक्षा कुत्र्याकडे बघा. घरात आलं की काढायचा, ऊन लागलं की काढायचा. रात्री एकट्याला घालून ठेवू नका, पाय अडकतो. दिवसातून एकदा काखा आणि मान बोटांनी चाचपा, लाली किंवा केस गेलेले दिसले तर स्वेटर बदला.

डॉक्टरांना कधी फोन करायचा

कुडकुडणं म्हणजे शरीर ऊब तयार करतंय, तेव्हा त्याला लगेच आत आणा, कोरडं करा, गुंडाळा. जास्त काळजी कधी, तर कुडकुडणं थांबलंय पण कुत्रा सुस्त आहे, अडखळतोय, हिरड्या फिक्या आहेत. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातून ताप बघा, कुत्र्याचा नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो, माणसासारखा नाही. ९९ च्या खाली असेल तर कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून निघा, फोन रस्त्यात करा. गरम पाण्यानं अंघोळ घालू नका, हेअर ड्रायर जवळ धरू नका, कातडी भाजते आणि त्याला ते कळतही नाही.

माप घ्यायला येताना कुत्र्याला घेऊनच या, दहानंतर, आणि त्याची जुनी गादी गाडीत टाकून आणा, बऱ्याचदा नवी गादी लागतच नाही, खालचा थर बदलून देता येतो.