स्क्रिप्टबाहेरची किल्ली

एखाद्या गृहनिर्माण संस्थेत रोज सकाळी सहा वाजता टेलिग्रामच्या गटावर पाण्याच्या वेळेची सूचना आपोआप पडते, आणि रहिवाशांनी बॉटला विचारलेल्या प्रश्नांना त्याच वेळी उत्तरे जातात, असे समजू. हे काम करणारी पायथॉन स्क्रिप्ट जेमतेम चाळीस ओळींची असते. त्या ओळींपैकी एका ओळीत मात्र बॉटचे टोकन, म्हणजे एपीआय की, लिहिलेली असते. प्रथम एक आकडा, मग कोलन, आणि त्यापुढे अर्थहीन वाटणाऱ्या अक्षरांची लांब माळ असे तिचे रूप असते. कोलनच्या आधीचा आकडा हा बॉटचा ओळखक्रमांक असून तो गुप्त नसतो. गुपित असते ते पुढच्या माळेत. ही माळ ज्याच्या हाती आहे तो टेलिग्रामच्या दृष्टीने बॉटचा चालक ठरतो. त्याला ना पासवर्ड विचारला जातो, ना मोबाइलवर ओटीपी येतो, ना तो कोणत्या संगणकावरून बोलतो आहे हे तपासले जाते. घराच्या किल्लीसारखेच हे आहे, फरक इतकाच की या किल्लीची नक्कल काढायला क्षणही लागत नाही आणि मूळ किल्ली जागेवरच राहते.

स्क्रिप्ट मात्र एका जागी राहत नाही. नवे सचिव आले की ती त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवली जाते, शेजारच्या संस्थेला तसाच बॉट हवा असतो म्हणून तिची प्रत दिली जाते, कोणीतरी ‘बॉट कसा चालवावा’ अशा नावाच्या सामायिक गूगल डॉकमध्ये ती जशीच्या तशी चिकटवते. त्या दस्तऐवजातून ती ओळ पुढे खोडली, तरी संपादनाचा अधिकार असलेल्या प्रत्येकाला जुनी आवृत्ती उघडून ती वाचता येते. गिटमध्ये तर जुने काहीही न हरवणे हाच मूळ हेतू असल्यामुळे, पुढच्या कमिटमध्ये टोकन काढून टाकल्याने ते फक्त ताज्या पानावरून जाते, इतिहासातून नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिटहबवरच्या एक लाखाहून अधिक सार्वजनिक रेपॉझिटरींमध्ये अशा किल्ल्या उघड्या पडलेल्या आढळल्या, आणि रोज हजारो नव्या किल्ल्यांची त्यांत भर पडत असल्याचे दिसले. आपली रेपॉझिटरी खासगी आहे, हे उत्तरही पुरत नाही. 2016 मध्ये उबर कंपनीच्या सुमारे 5.7 कोटी ग्राहकांची आणि चालकांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोरांनी प्रवेश मिळवला होता तो कंपनीच्या अभियंत्यांच्या खासगी रेपॉझिटरीत. तेथील कोडमध्ये त्यांना अॅमेझॉनच्या साठवण सेवेची किल्ली सरळ वाचता येईल अशी सापडली.

या सगळ्याचे मूळ एकच आहे. स्क्रिप्ट ही वाटण्याची वस्तू आहे, किल्ली ही न वाटण्याची, आणि आपण दोन्ही एकाच फाइलमध्ये बांधून ठेवतो. त्यांची फारकत करण्याचे सर्वांत साधे साधन ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीपासूनच आहे. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून ते वापरात आहे. प्रत्येक चालू प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, सुरू होताना नाव आणि मूल्य अशा जोड्यांची एक यादी हाती दिली जाते. या जोड्यांनाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. एखाद्या प्रोसेसने दुसरी प्रोसेस सुरू केली की सहसा त्या यादीची प्रत वारशाने तिच्याकडे जाते. प्रत मिळते, मूळ यादी नाही. त्यामुळे अपत्य प्रोसेसने मूल्य बदलले तरी ते मूळ प्रोसेसला कळत नाही. आपल्या स्क्रिप्टने किल्ली स्वतःजवळ न बाळगता या यादीतून मागून घ्यायची, एवढाच बदल करायचा असतो.

```python
import os
token = os.environ["TELEGRAM_BOT_TOKEN"]
```

येथे `os.getenv` वापरण्याचीही सोय आहे, पण चौकोनी कंसाची रीत मला अधिक बरी वाटते. व्हेरिएबल मिळाले नाही तर ती `KeyError` देऊन तिथेच थांबते आणि हरवलेल्या नावाचा उच्चार करते; `os.getenv` मात्र मुकाट्याने रिकामे मूल्य पुढे पाठवते, आणि चूक वेगळ्याच ओळीवर, वेगळ्याच रूपात उगवते.

आता प्रश्न उरतो तो किल्ली त्या यादीत यावी कोठून. टर्मिनलवर `export` लिहून तिचे मूल्य टंकले, तर ती ओळ शेलच्या इतिहासाच्या फाइलमध्ये जाऊन बसते, म्हणजे आपण किल्ली एका फाइलमधून काढून दुसऱ्या फाइलमध्ये नेली असे होते. म्हणून स्क्रिप्टच्या फोल्डरबाहेर एक लहान फाइल करावी, संपादकात उघडून तीत `TELEGRAM_BOT_TOKEN=` आणि त्यापुढे टोकन अशी एकच ओळ लिहावी, आणि ती केवळ आपल्यालाच वाचता येईल असे हक्क तिला द्यावेत.

```
chmod 600 ~/.config/soochana.env
```

फाइल फोल्डरबाहेर ठेवण्याचा माझा आग्रह उगाच नाही. पुष्कळ जण ती स्क्रिप्टशेजारीच `.env` या नावाने ठेवतात आणि गिटने तिकडे पाहू नये म्हणून `.gitignore` मध्ये तिचे नाव लिहितात. ते चालते, पण सबंध फोल्डर झिप करून पाठवणाऱ्या सचिवांना `.gitignore` अडवू शकत नाही. शिवाय फाइल एकदा कमिट होऊन गेल्यावर तिचे नाव तेथे लिहिले, तर गिट तिच्यावर पूर्वीसारखेच लक्ष ठेवत राहते.

सकाळी सहाची वेळ सांभाळणाऱ्या क्रॉनपाशी बहुतेकांची पहिली फजिती होते. दुपारी हाताने चालवलेली स्क्रिप्ट बिनबोभाट चालते, आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता तीच `KeyError` देऊन बंद पडते. याचे कारण वारशात आहे. हाताने चालवताना स्क्रिप्टची मूळ प्रोसेस आपले शेल असते, आणि त्या शेलने सुरू होताना `.bashrc` वाचलेली असते; आपली फाइल वाचण्याची आज्ञा बहुतेकांनी तीतच लिहिलेली असते. क्रॉन मात्र स्वतःची मोजकीच यादी देतो आणि `.bashrc` कडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून आपली फाइल वाचण्याचे काम क्रॉनच्या ओळीतच सांगावे लागते.

```
0 6 * * * set -a; . $HOME/.config/soochana.env; set +a; python3 $HOME/soochana/soochana.py
```

यातील `set -a` गाळले, तर शेल फाइल वाचते, पण व्हेरिएबल स्वतःपुरतेच ठेवते आणि पायथॉनला वारशात काहीच मिळत नाही. दुसरी अडचण विंडोजवर तयार करून आणलेल्या फाइलची असते. तिच्या ओळींच्या शेवटी एक अदृश्य जादा चिन्ह असते, ते टोकनला चिकटते, आणि डोळ्यांना अचूक दिसणारी किल्ली टेलिग्राम नाकारतो. अशा वेळी किल्ली पडद्यावर छापून पाहण्याचा मोह आवरावा आणि स्क्रिप्टमध्ये `print(len(token))` लिहून तिची लांबी पाहावी. मूळ टोकनपेक्षा ती एकाने जास्त भरली की कारण सापडले.

किल्ली फाइलमध्ये लिहायचीच होती, तर स्क्रिप्टला ती आज्ञेसोबत का देऊ नये, असा प्रश्न येथे रास्त आहे. लिनक्सवर सर्वसाधारणपणे चालू प्रोसेसची संपूर्ण आज्ञा त्या संगणकावरील कोणालाही `ps` ने वाचता येते, तर तिची व्हेरिएबलची यादी तिचा मालक आणि रूट यांच्यापलीकडे कोणाला दिसत नाही. एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती असली की हा फरक मोलाचा ठरतो.

टेलिग्रामच्या बाबतीत एक फट मात्र उरतेच. या सेवेत टोकन विनंतीच्या पत्त्यातच जाते. `https://api.telegram.org/bot` याला जोडून टोकन आणि मग `/sendMessage`. सकाळी इंटरनेट बंद असले, तर पायथॉनच्या त्रुटीसंदेशात सहसा तो पत्ता टोकनासकट छापला जातो आणि क्रॉनच्या लॉगमध्ये जाऊन पडतो. मग मदत मागणारा सभासद त्याच लॉगचा फोटो काढून गटावर टाकतो. म्हणून विनंतीभोवती `try` घालून त्रुटीचा केवळ प्रकार नोंदवावा, संपूर्ण संदेश नोंदवू नये.

त्याहून मोठी मर्यादा ज्या वारशामुळे ही रीत सोपी होते त्या वारशातच आहे. व्हेरिएबल कूटबद्ध नसते, आणि आपल्या स्क्रिप्टने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, तिने आयात केलेल्या प्रत्येक लायब्ररीला ते वाचता येते. 2021 मध्ये कोडकोव्ह या कंपनीच्या एका बॅश स्क्रिप्टमध्ये घुसखोरांनी चोरून एक ओळ घातली होती. कोडच्या चाचण्यांचा अहवाल पाठवण्यासाठी असंख्य संस्था ती स्क्रिप्ट आपल्या स्वयंचलित यंत्रणेत चालवत असत, आणि घातलेली ओळ तेथील सर्व एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल गोळा करून परक्या सर्व्हरकडे धाडत असे. जानेवारीअखेरीपासून 1 एप्रिलपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने, हा प्रकार कोणाच्या लक्षात आला नाही. म्हणून सगळ्या किल्ल्या `.bashrc` मध्ये भरून प्रत्येक प्रोग्रामच्या हाती देण्याऐवजी, वरच्या क्रॉनच्या ओळीप्रमाणे, ज्या स्क्रिप्टला जी किल्ली लागते तेवढीच तिला द्यावी.

आता समजा, संस्थेची जुनी स्क्रिप्ट टोकनासकट केव्हाच चारचौघांत फिरून आली आहे. कोणी ते टोकन वापरते आहे का, याची काही लक्षणे दिसतात. रहिवाशांचे निरोप टेलिग्राम रांगेत ठेवतो आणि `getUpdates` या विनंतीने ते घेऊन पोच दिली की रांगेतून काढून टाकतो. त्यामुळे परक्याने ते आधी उचलले तर आपल्या स्क्रिप्टला रांग रिकामी मिळते, जरी रहिवासी प्रश्न विचारल्याचे शपथेवर सांगत असले तरी. दोघांनी एकाच वेळी मागणी केली, किंवा परक्याने निरोप थेट स्वतःच्या सर्व्हरकडे वळवणारा वेबहुक लावला असला, तर 409 क्रमांकाची त्रुटी येते. `getWebhookInfo` विचारले की तो पत्ता समोर येतो. पण लक्षण दिसले नाही म्हणून टोकन सुरक्षित आहे असे मानता येत नाही. नुसती प्रत काढून ठेवणारा चोर कोणतीच खूण सोडत नाही.

म्हणून फिरून आलेले टोकन नव्या फाइलमध्ये हलवण्यात अर्थ नसतो, ते बदलावेच लागते. टेलिग्राममध्ये बॉटांची टोकने देणाऱ्या बॉटफादर या बॉटला `/revoke` असे कळवले की नवे टोकन मिळते आणि जुने चालेनासे होते. काही सेवांमध्ये, उदाहरणार्थ अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये, एका वापरकर्त्याला एकाच वेळी दोन किल्ल्या बाळगता येतात आणि नवी चालू झाल्याची खात्री करून जुनी बंद करता येते. येथे तशी सवड नसल्यामुळे हे काम सकाळच्या सहाच्या सूचनेनंतर हाती घ्यावे. नवे टोकन `soochana.env` मध्ये लिहावे, परका वेबहुक आढळला असेल तर `deleteWebhook` ने काढावा, आणि क्रॉनच्या ओळीतला `set -a` पासून पुढचा भाग एकदा हाताने चालवून पाहावा. बॉट दिवसभर अखंड चालणारा असेल तर तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, कारण त्याच्याकडे असलेली यादी ही सुरुवातीला मिळालेली प्रत आहे आणि फाइलमधला बदल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शेवटी जुने टोकन घालून `getMe` ही विनंती करावी. उत्तरात 401 आले की गूगल डॉकच्या जुन्या आवृत्तीत आणि सचिवांच्या व्हॉट्सअॅपमध्ये पडून असलेली ती माळ आता कोणीही वाचली तरी चालेल.