फोटो काढल्याची तारीख आणि फाईलची तारीख

आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांच्या फोटोंचा स्लाइडशो करायचं ठरलं. चुलतभावाने सोलापूरच्या घरातले जुने अल्बम मोबाईलवर टिपून घेतले, कॉम्प्युटरवर तारखेप्रमाणे लावले, आणि १९७५ चं लग्न गेल्या वर्षीच्या बारशानंतर आलं.

चूक कॉम्प्युटरची नव्हती. फोटो कधी काढला आणि समोरची प्रत कधी तयार झाली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिजिटल कॅमेरा पहिली तारीख फोटोच्या आत लिहून ठेवतो. कागदावरच्या फोटोत ती सोय नाही, त्यामुळे मोबाईलने टिपला की त्याला आजची तारीख चिकटते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलं तर खरी डिजिटल तारीखही गळून पडते. `IMG-20250411-WA0007.jpg` या नावातला ११ एप्रिल २०२५ व्हॉट्सअ‍ॅपवरून आल्याचा दिवस आहे, फोटो काढल्याचा नव्हे. म्हणून नातेवाइकांना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगावं. निम्मे तरी ऐकतात.

हा घोळ मोबाईलच्या आधीही होताच. आमच्याकडे गड्ड्यातला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतला एक फोटो आहे. आजोबा पांढऱ्या बाराबंदीत, खांद्यावर आत्या, शेजारी आजी आणि तिच्या कडेवर काका. मागे स्टुडिओचा शिक्का, मार्च १९८३. भावाने तो ऐंशीच्या दशकात टाकला. पण आत्याचा जन्म ऑगस्ट १९७६ चा. मार्च १९८३ मध्ये ती साडेसहा वर्षांची. फोटोतली पोर जेमतेम अडीच वर्षांची दिसते. काका मे १९७८ चे, आणि कडेवरचं बाळ सात-आठ महिन्यांचं. गड्डा भरतो संक्रांतीला, म्हणजे जानेवारी १९७९. शिक्का नंतर काढून घेतलेल्या प्रतीचा होता. आजीलाही मग आठवलं की मूळ फोटो तिच्या माहेरी गेला होता.

नव्वदीतल्या फोटोंच्या कोपऱ्यात केशरी आकडे असतात. ती तारीख फोटो काढल्याचीच, पण कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर असेल तरच. सेल बदलल्यावर कुणी ते लावलंच नसेल तर लग्नसराईच्या फोटोवरही १ जानेवारी दिसते.

तारीख ठरली की ती फाईलच्या नावात सुरुवातीलाच घालायची: `1979-01-gadda.jpg`. महिना माहीत नसेल तर `1979-00`. मग तारखेऐवजी नावाप्रमाणे लावलं की दशकं आपोआप जुळतात. वर्षाचाच अंदाज असेल तेव्हा `197x` लिहू नका. विंडोज त्यातला १९७ हा आकडा वाचून तो फोटो १९६० च्याही आधी नेऊन ठेवतं. `1975-00-andaje` लिहावं, आणि फोटोखालच्या ओळीत 'साधारण १९७५'.

गड्ड्याच्या फोटोखाली आम्ही लिहिलं: 'जानेवारी १९७९. आत्या खांद्यावर, काका कडेवर.' आजोबांनी ती स्लाइड थांबवायला लावली आणि म्हणाले, "बाराबंदी माझी नव्हती, थोरल्याची घातली होती."