पॉलिसीधारकाचा अभिप्राय साइटवर टाकण्याआधी

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या बऱ्याच विमा एजंटांच्या वेबसाइट आम्ही बनवतो आणि सगळ्यात जास्त अडतं ते एकाच ठिकाणी, लोकांच्या अभिप्रायाच्या पानावर.

उदाहरण घ्या. एखादे काका व्हॉट्सॲपवर लिहून देतात, "साहेबांनी पॉलिसी काढून दिली, माझे पैसे डबल झाले." तुम्ही म्हणता हे टाका की, खरंच झालेत! झालेत हे मान्य, पण हिशोब बघा. दरवर्षी ५० हजार असे १० वर्षं भरले म्हणजे ५ लाख, आणि पहिल्या हप्त्यापासून २० वर्षांनी हातात आले १० लाख. डबल दिसतं, पण वर्षाला चक्रवाढीने धरलं तर साधारण साडेचार टक्केच पडतात. वाचणारा मात्र चार-पाच वर्षांत डबल असं समजून फोन करणार आणि पुढं भांडण तुमच्याशी. खाली बारीक अक्षरात "अटी लागू" लिहिलं म्हणून वरचं वाक्य सुधारत नाही, डिस्क्लेमर खोटी समजूत पुसत नाही हे आम्ही मनापासून सांगतोय.

म्हणून तेच वाक्य आम्ही असं लिहितो: "मी दरवर्षी ५०,००० रुपये १० वर्षं भरले, २० वर्षांनी बोनससकट १० लाख मिळाले." आणि त्याला लागूनच, तेवढ्याच अक्षरात: "हा एका ग्राहकाचा अनुभव आहे. बोनस कंपनी जाहीर करते, पुढे इतकाच मिळेल अशी हमी नाही." अर्थात काकांना हे बदललेलं वाक्य दाखवून त्यांची लेखी संमती घ्यायची, त्यांच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत.

एवढ्यावर झालं नाही. वेबसाइटसुद्धा जाहिरातच धरली जाते, त्यामुळं मजकूर आधी तुमच्या विमा कंपनीकडून लेखी मंजूर करून घ्या, फक्त नाव, पत्ता, फोन असेल तर गोष्ट वेगळी.

जे सेबीकडे नोंदणी असलेले इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर आहेत त्यांच्या जाहिरातीत तर असे अभिप्राय चालतच नाहीत, २०२३ च्या सेबीच्या जाहिरात संहितेत तशी सरळ बंदी आहे. आणि ज्यांच्याकडे म्युच्युअल फंड विकण्याचा नोंदणी क्रमांक, म्हणजे फक्त एआरएन आहे त्यांनी नावापुढं "वेल्थ ॲडव्हायझर" लावू नये, "एएमएफआय-नोंदणीकृत म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर" असंच लिहायचं, बोर्डावर आणि व्हिजिटिंग कार्डावर पण.

कन्नड पान पण असेल तर डिस्क्लेमर त्या पानावर कन्नडमध्येच टाकतो, मराठीतला तिथं कोण वाचणार? मंजुरीचा मेल आम्हाला फॉरवर्ड करा, तो आला की पान लाइव्ह करतो, त्याआधी नाही.