स्यूडो-रेलेव्हन्स फीडबॅक

शोधप्रणालीने स्वतःच्याच पहिल्या निकालांवरून मूळ प्रश्नात नवे शब्द घालून पुन्हा शोध घेण्याची पद्धत. जे. जे. रोशियो यांच्या 1971 साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत कोणते दस्तऐवज उपयोगी, हे वाचक सांगत असे. इथे मात्र वाचकाला न विचारता वरचे दहाएक दस्तऐवज उपयोगीच आहेत असे धरून चालतात. त्यांत वारंवार येणारे, पण एकूण संग्रहात विरळ असणारे शब्द निवडले जातात आणि मूळ शब्दांसोबत वजन देऊन जोडले जातात. वाचकाने ‘हृदयविकार’ लिहिले आणि लेखात ‘हृदयरोग’ असले, तर ही उणीव अशा विस्ताराने भरून निघते.

धोका त्या गृहीतातच आहे. समजा, प्रश्न आहे ‘ज्वालामुखी राख विमान इंजिन’. वाचकाला राखेने इंजिन कसे बिघडते ते हवे आहे. वरच्या दहापैकी सात बातम्या 2010 मधल्या आइसलँडच्या उद्रेकाच्या निघाल्या. त्यांतून मिळणाऱ्या शब्दांची वजने अशी धरू: राख 0.16, ज्वालामुखी 0.14, आइसलँड 0.14, उड्डाण 0.12, रद्द 0.12, विमान, विमानतळ आणि प्रवासी प्रत्येकी 0.10, इंजिन फक्त 0.02. ‘आरएम3’ या प्रचलित पद्धतीत मूळ प्रश्न आणि हे शब्द ठरावीक प्रमाणात मिसळतात. प्रमाण निम्मे-निम्मे ठेवले, तर मूळ प्रश्नातल्या 0.25 वजनाच्या ‘इंजिन’ला मिळतात 0.135. आइसलँड, उड्डाण, रद्द, विमानतळ आणि प्रवासी या पाच आगंतुकांची बेरीज होते 0.29, म्हणजे दुपटीहून जास्त.

दुसऱ्या फेरीत अडकलेल्या प्रवाशांच्या बातम्या वर चढतात. 1982 मध्ये जावा बेटाजवळ राखेच्या ढगात शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. नेमका हवा असलेला तो अहवाल आइसलँडचे नावही घेत नाही, म्हणून खाली घसरतो. यालाच विषय भरकटणे म्हणतात.

बऱ्याच प्रश्नांची सरासरी काढली की ही पद्धत सहसा फायद्याचीच दिसते, आणि बिघडलेले प्रश्न त्या सरासरीत दडून जातात. म्हणून प्रत्येक प्रश्नाचा विस्ताराआधीचा आणि नंतरचा गुण शेजारी ठेवून पाहावा. वर आलेल्या निकालांत मूळ प्रश्नातला एखादा शब्दच गायब असेल, तर तीही पक्की खूण. मूळ प्रश्नाचे वजन वाढवले की घसरण कमी होते, पण फायदाही घटतो. मित्रा, सिंघल आणि बकली यांनी 1998 मध्ये वेगळी वाट दाखवली: शब्द उचलण्यापूर्वी वरच्या दस्तऐवजांचा क्रम पुन्हा लावायचा, आणि प्रश्नाचे वेगवेगळे पैलू ज्यांत एकत्र येतात त्यांना पुढे आणायचे. आपल्या उदाहरणात ‘इंजिन’ नसलेल्या बातम्या तिथेच मागे पडल्या असत्या.

विस्तार करावा की नाही, हे प्रश्नागणिक आधीच ठरवणे अवघड जाते. वरचे दस्तऐवज एकजिनसी असले की शोध नीट लागला, असे काही कसोट्या मानतात. आइसलँडच्या त्या सात बातम्या एकमेकींशी इतक्या जुळतात की अशा कसोटीवर हा प्रश्न सुरक्षित ठरू शकतो.