ओळीचा अर्थ आणि ओळ आवडण्याचं कारण

कवितेखालच्या स्वाध्यायात बहुधा तीन गोष्टी विचारलेल्या असतात: मध्यवर्ती कल्पना, व्यक्त होणारा भाव, आणि आवडलेली ओळ व ती आवडण्याचं कारण. तिसऱ्या प्रश्नात सर्वांत जास्त गोंधळ होतो. कारण म्हणून मुलं त्या ओळीचा अर्थच पुन्हा लिहितात. वाक्याच्या शेवटी ‘म्हणून ही ओळ मला आवडली’ असं जोडलं की उत्तर झालं असं वाटतं, पण विचारलेलं कारण त्यात आलेलंच नसतं.

बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता घेऊ. झरा, पलीकडच्या टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे, कुरणांतून जाणारी पायवाट असं करत ती काळ्या डोहापाशी येते आणि या ओळींवर थांबते:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

शेवटची ओळ आवडली म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचं नेहमीचं उत्तर असं असतं: ‘औदुंबराचं झाड पाण्यात पाय सोडून बसलं आहे असं कवी म्हणतो. हे वर्णन खूप सुंदर आहे, म्हणून ही ओळ मला आवडली.’ यातलं पहिलं वाक्य अर्थ आहे. दुसऱ्यात ‘सुंदर’ म्हणजे काय ते सांगितलेलंच नाही. थोडा अभ्यास केलेला विद्यार्थी ‘चेतनगुणोक्ती अलंकार आहे, म्हणून आवडली’ असं लिहितो. अलंकार बरोबर ओळखला आहे, पण नाव सांगितल्यानं काम होत नाही. चेतनगुणोक्ती हजार ओळींत सापडते. इथे तिनं काय केलं?

ते असं लिहिता येईल: ‘पूर्ण कवितेत झाडाच्या मुळांचा शब्दसुद्धा नाही, थेट पाय आहेत. पाण्यात पाय सोडून माणूस बसतो तेव्हा त्याला कुठं जायची घाई नसते. याआधी झरा वाहत होता, पायवाट चालली होती. ही हालचाल ज्या डोहाशी येते तिथे औदुंबर मात्र बसलेला आहे. त्यामुळे शेवटच्या ओळीत मीही थांबतो.’ या उत्तरातलं प्रत्येक वाक्य कवितेतल्या एखाद्या शब्दाकडे बोट दाखवतं, आणि त्या शब्दामुळे वाचणाऱ्याला काय झालं तेही सांगतं.

आपण लिहिलं ते अर्थ की कारण, हे तपासायला सोपी युक्ती आहे. ओळीतला एक शब्द बदलून पाहा. ‘गोड काळिमा’ऐवजी ‘दाट काळिमा’ म्हणा. लय तशीच राहते, पाण्यावर अंधार पसरला हा अर्थही जवळपास तोच राहतो. पण काळोख हवाहवासा वाटावा ही विलक्षण गोष्ट गेली, उरलं नुसतं गडद पाणी. शब्द बदलल्यावरही तुमचं उत्तर जसंच्या तसं लागू पडत असेल, तर तुम्ही अर्थ लिहिला आहे. उत्तर कोसळलं, तर ते कारण होतं.

हे नीट जमलं की भावाचा प्रश्नही सुटतो. निसर्गाचं वर्णन आहे म्हणजे भाव आनंदाचा, असं घाईनं ठरवू नये. ‘औदुंबर’मध्ये आनंद, दुःख, एकटेपणा असा भावनेचा एकही शब्द नाही, ‘मी’सुद्धा नाही. भाव रंगांतून शोधावा लागतो: हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट आणि अखेरीस काळा डोह. उजेडाकडून काळोखाकडे जाताना मन गंभीर होतं, पण ‘गोड’ या शब्दामुळे ते घाबरत नाही. गंभीर आणि तरी शांत, असा भाव लिहिला तर त्याला आधार आहे. कुणी उदास म्हणेल. डोह आणि काळिमा दाखवून म्हटलं तर मी तेही मान्य करीन, मात्र ‘गोड’चं काय करायचं हे त्याला सांगावं लागेल.

मध्यवर्ती कल्पनेबद्दल एवढंच, की ‘निसर्गाचं वर्णन’ हा विषय झाला. वाहत्या, गजबजलेल्या जगाच्या कडेला कुणीतरी स्वतःत बुडून स्थिर बसलेलं आहे, ही कल्पना.

शब्द बदलण्याची युक्ती सगळीकडे सारखी चालत नाही. काही कविता सरळ विचार मांडतात, तिथे शब्द साधे असतात आणि ओळ तिच्यातल्या विचारामुळे आवडते. अशा वेळी आधीच्या कोणत्या ओळींनी तो विचार तयार केला ते दाखवायचं. ती आवडलेली ओळ आधीच्या ओळींशिवाय एकटी वाचून पाहा. तेव्हा तिच्यातून जे निसटतं, तेच उत्तरात लिहायचं कारण असतं.